सरासरी २.८ लाख, मधलं घर १.७ लाख: गावाचं उत्पन्न नेमकं किती म्हणायचं?

तापीकाठ

मंडळी, मुलगी बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. दिवाळीच्या सुट्टीत प्रकल्प म्हणून तिनं आमच्या गावातल्या (यावल तालुका, नाव राहू द्या) ४० घरांचं वर्षाचं उत्पन्न विचारून लिहून आणलं. गावात साधारण ४०० घरं, म्हणून दर दहावं घर घेतलं. आकडे असे आले:

१ लाखाच्या आत: ९ घरं
१ ते २ लाख: १४ घरं
२ ते ३ लाख: ८ घरं
३ ते ४ लाख: ४ घरं
४ ते ५ लाख: २ घरं
५ ते ६ लाख: १ घर (५.६ लाख)
त्यानंतर एक घर १० लाखांचं आणि एक २८ लाखांचं, केळीवालं.

सगळ्यांची बेरीज १ कोटी १२ लाख. भागिले ४०, म्हणजे सरासरी २.८ लाख. चढत्या क्रमानं लावल्यावर विसावं घर १.६८ लाखांचं आणि एकविसावं १.७२ लाखांचं, म्हणून मध्यक १.७० लाख.

इथवर सगळं ठीक होतं. मग तिनं तक्ता ग्रामपंचायतीत दाखवला आणि कोणीतरी त्यातलं एकच वाक्य गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं: "आपल्या गावाची सरासरी २ लाख ८० हजार." दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चार जण हजर. "आमना गावमा २.८ लाखवाला कोन शे रे भो? दाखाड!" बायकांना वेगळीच धास्ती. लाडक्या बहिणीची मर्यादा अडीच लाखांची, आता गावच सरासरीनं वर गेलं तर आपले पैसे बंद होणार का?

पोरीनं आकडे चुकवलेले नाहीत, मी स्वतः बेरीज पुन्हा केली. मग दोन आकड्यांत १ लाख १० हजारांचं अंतर कशामुळे? आयतालेख काढला तर डावीकडे ढीग आणि उजवीकडे लांब शेपूट दिसते, त्या आकारातून काय वाचायचं? आणि लोकांना यातला कोणता आकडा सांगायचा?

खानदेशी_भरीत

२८ लाखवाल्यांच्या मळ्यात यंदाची भरीत पार्टी ठेवा. चर्चा तिथेच करू, आलेख कळण्याच्या भाकरीवर काढू.

गणितमास्तर

सोपं आहे. २८ लाखांचं घर हे आउटलायर. असं टोकाचं घर काढून टाकायचं, मग सरासरी आणि मध्यक एका जागी येतात. सरासरी ही गोष्ट उत्पन्नासाठी वापरूच नये, मध्यक हाच खरा आकडा. दहावीच्या पोरांना मी हेच सांगतो.

आबा_धुळे

माझा प्रश्न याच विषयातला आहे. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर माझं उत्पन्न जास्त लागलंय. शेती माझी कोरडवाहू, कापूस. तिथे मध्यक लावा असा अर्ज करता येईल का? कोणाकडे नमुना असेल तर टाका.

सर्वेवाला

आबा, नाही हो. दाखला तुमच्या एका घराचा असतो. एकाच आकड्याची सरासरी काढा की मध्यक, तोच राहणार. तिथे भांडायचं असेल तर सातबाऱ्यावरच्या पिकावरून आणि खर्चावरून भांडा.

आता मूळ प्रश्न. मी बरीच वर्षं घरोघर फिरून पाहणीचे फॉर्म भरले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

आधी आडव्या फळीची कल्पना करा. फळीवर ० ते २८ लाखांच्या खुणा आणि प्रत्येक घर म्हणजे आपापल्या खुणेवर ठेवलेलं सारख्या वजनाचं एकेक वजन. फळी जिथे तोलून राहील ती जागा म्हणजे सरासरी. मध्यक वेगळाच प्रश्न विचारतो: डावीकडे किती वजनं, उजवीकडे किती. ती किती लांब आहेत हे तो विचारतच नाही.

तुमच्याच आकड्यांत बघा. २.८ लाखांच्या वर किती घरं असतील? २ ते ३ च्या गटातली काही धरून?

तापीकाठ

यादी समोर आहे. २ ते ३ मधलं एकच घर २.९ लाखांचं, बाकी २.७ च्या आत. म्हणजे वर १० घरं, खाली ३०.

सर्वेवाला

म्हणजे ४० पैकी ३० घरं "सरासरीच्या खाली". ओट्यावरचे चौघे खोटं बोलत नव्हते, चारातली तीन घरं त्यांच्यासारखीच आहेत.

आता तोल बघू. वरची १० घरं २.८ च्या जितकी वर आहेत ते सगळं मिळवलं तर ४१.१ लाख येतात. खालची ३० घरं जितकी कमी आहेत तेही मिळवा, तेवढेच ४१.१ लाख. सरासरीची व्याख्याच तशी आहे, दोन्ही बाजू सारख्या व्हायलाच हव्यात. पण वरच्या ४१.१ मधले २५.२ लाख एकट्या २८ लाखवाल्या घराचे आहेत. एक घर इतकं लांब उभं आहे की त्याला तोलण्यासाठी सरासरीला गर्दी सोडून उजवीकडे सरकावं लागतं. डावीकडे तसं लांब जायला जागाच नाही, कारण शून्याशी भिंत आहे. तोट्याचं साल सोडलं तर कोणी कितीही गरीब असो, २.८ लाखांपेक्षा जास्त खाली जाऊ शकत नाही. वर मात्र मर्यादा नाही. फरकाचं मूळ इथे आहे.

उद्या त्या घराचं उत्पन्न दुप्पट होऊन ५६ लाख झालं तर सरासरी २.८ वरून ३.५ होईल. मध्यक १.७० चा १.७० च. गावात बाकी कोणाच्या खिशात एक रुपया वाढलेला नसेल.

गणितमास्तर

मग मी वेगळं काय म्हणालो? काढा ते घर!

सर्वेवाला

मास्तर, काढून बघूच. ८४ लाख भागिले ३९, सरासरी २.१५ लाख. मध्यक आता विसावं घर, १.६८. अंतर १ लाख १० हजारांवरून ४७ हजारांवर आलं, पण गेलं नाही.

मग १० लाखांचंही काढा. ७४ भागिले ३८, सरासरी १.९५. मध्यक साधारण १.६६. अजून २९ हजारांचं अंतर आहे. ५.६ वालंही काढलं तरी सरासरी वरच राहते. म्हणजे हा एका माणसाचा प्रताप नाही. अख्ख्या ढिगाचाच आकार तिरका आहे, १ ते २ लाखांत टोक आणि तिथून उजवीकडे हळूहळू उतरण: ८, ४, २, १. शेवटच्या घरानं ती उतरण फक्त जास्त उठून दिसते.

आणि मुळात ते घर काढायचं कोणत्या हक्कानं? आकडा लिहिताना शून्य जास्त पडलं असतं तर गोष्ट वेगळी. हे घर गावात आहे, त्याची केळी गाडीत भरली जातात.

पिलबाग

आता मी बोलतो, कारण मी केळीवाला आहे (२८ लाखवाला नाही, कोणी पार्टी मागू नका).

ताईनं विचारलेले २८ लाख हे पट्टीचे की हातात राहिलेले? आमच्याकडे कोणी "यंदा किती झालं?" विचारलं की माणूस व्यापाऱ्याच्या पट्ट्यांची बेरीज सांगतो. त्यातून टिश्यूची रोपं, खतं, ठिबक, कापणी, मजुरी, मोटारीचं बिल जायचं असतं. समजा १५ लाख खर्च गेला, तर उरले १३. उलट सालदाराला विचारलं तर तो आखाजीला ठरलेला आकडा सांगतो, तो त्याचा निव्वळ. एकाची पट्टी आणि दुसऱ्याचा पगार एकाच फळीवर ठेवले तर शेपूट उगाच लांबते.

दुसरं म्हणजे साल. केळीत एक साल पट्टीचं आणि पुढचं वादळाचं. मे-जूनमध्ये वारं सुटलं आणि निसवलेला बाग झोपला की तेच घर तुमच्या आलेखात पार डावीकडे दिसेल. तीन-चार सालांची सरासरी धरून प्रत्येक घर मांडलं तर शेपूट एवढी लांब राहणार नाही, कारण एका सालाच्या भावाचं नशीब त्यातून वजा होतं. काही शेपूट तरी उरेल, कारण ३० एकरवाला आणि भूमिहीन हे काही नशिबावर एका जागी येत नाहीत.

तापीकाठ

पिलबागभाऊ, तिला विचारलं. फॉर्मवर प्रश्न एवढाच होता: "कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती?" खर्च वजा करून, असं लिहिलेलं नव्हतं. म्हणजे २८ पट्टीचेच असणार.

सर्वेवाला

पिलबागचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. १३ धरले तर बेरीज ९७ लाख आणि सरासरी २.४३. एका माणसाला प्रश्न कसा कळला, यावर गावाची सरासरी ३७ हजारांनी हलली. मध्यक मात्र जागचा हलला नाही, कारण १३ असो की २८, ते घर मध्यकाच्या वरच आहे. शेतीच्या उत्पन्नात चूक बहुतेक टोकांना होते, म्हणून गावात सांगायला मध्यक भरवशाचा.

पण मास्तरांच्या "सरासरी वापरूच नये" याला मी हो म्हणणार नाही. बेरजेचा प्रश्न आला की सरासरीच लागते. एखाद्या पतसंस्थेला ४०० घरांच्या गावाची एकूण वर्षाची आवक हवी असेल तर ४०० गुणिले २.८, म्हणजे ११.२ कोटी. तिथे १.७ नं गुणलंत तर ६.८ कोटी येतील, आणि गावातल्या पैशाचा मोठा वाटा गायब होईल. अशा तिरक्या ढिगात मध्यकाला गुणून बेरीज येत नाही.

सुरतवाला

एक शंका. ४० मध्ये एक २८ लाखवाला सापडला. मग ४०० मध्ये असे दहा आहेत असं आपण धरतोय का? एवढे असतील तर मी सुरत सोडून गावी येतो.

तापीकाठ

दहा नाहीत. बोटांवर मोजून पाच असतील.

सर्वेवाला

चांगलं पकडलंत. पाच असतील आणि बाकीची घरं या ३९ सारखी असतील, तर गावाची सरासरी अडीच लाखांच्या जरा खाली येते. मग पतसंस्थेचे ११.२ कोटीही १० कोटींच्या आसपास उतरतात. म्हणजे २.८ हा आकडा नशिबानं थोडा फुगलेला. दहा-दहा घरं सोडत जाताना मोठा मळेवाला लागला की सरासरी वर, नाही लागला की खाली. शेपूट लांब असली की थोड्या घरांतून काढलेली सरासरी अशी उड्या मारते. मध्यकही नमुन्यानुसार हलतो, पण इथे त्याच्या आसपास घरांची दाटी आहे, त्यामुळे थोडाच.

मिरचीवाली_नंदुरबार

तुम्ही सगळे उजव्या टोकाकडे बघताय. डावं टोक कोणी तपासलं?

दिवाळीची सुट्टी म्हणजे आमच्या भागात ऊसतोडीला गुजरातकडे जायचे दिवस. अर्ध्या पाड्याला कुलूप असतं. यावलच्या सपाटीवर तेवढं नसेल, पण सातपुड्याच्या पायथ्याची मजूर घरं तिकडेही असतात. दहावं घर बंद निघालं तेव्हा ताईनं काय केलं? शेजारचं उघडं घर घेतलं असेल, तर सगळ्यात कमी कमावणारी घरं आलेखातून आपोआप गळली. मग १ लाखाच्या आतली ९ घरं खरी किती असती?

जिल्ह्याच्या दरडोई उत्पन्नाचंही सांगते. नंदुरबार राज्यात तळातल्या जिल्ह्यांत येतो हे सगळे सांगतात. पण तो आकडा कोणा माणसाला विचारून काढलेला नसतो. जिल्ह्यात वर्षभरात किती उत्पादन झालं, त्याला लोकसंख्येनं भागलेलं असतं. त्यातून मध्यक निघूच शकत नाही, कारण घराघराचा आकडा त्यात नाहीच. धडगावच्या बाईकडे काय आहे, ते त्यातून कळत नाही.

तापीकाठ

ताई, तुमची शंका बरोबर निघाली. तीन घरं बंद होती, तिनं पुढचं उघडं घर घेतलं. आता ती घरं होळीला लोक आले की विचारायची म्हणते.

वाघूरकर

राष्ट्रीय आकड्यांचंही तेच आहे. शेतकरी कुटुंबांच्या पाहणीत २०१८-१९ साली महिन्याचं उत्पन्न देशभरात १०,२१८ रुपये आलं, त्याआधी २०१२-१३ ला ६,४२६ होतं. दोन्ही सरासरी. बातम्यांत "शेतकऱ्याला महिन्याला दहा हजार मिळतात" असं आलं, जणू प्रत्येकाला तेवढे मिळतात. गंमत म्हणजे त्या १०,२१८ मध्ये मजुरी-पगाराचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. म्हणजे "शेतकरी" घरातही मजुरीच जास्त.

खानदेशी_भरीत

३,७९८ मध्ये आमच्या कापसाचा भाव धरला होता की बोंडअळीचा?

वाघूरकर

दोन्ही. म्हणूनच पीक मजुरीच्या मागे पडलं.

फॉर्मवाली

मी एका संस्थेत अशा पाहण्या करते. माणसं रुपयांत आकडा सांगत नाहीत, म्हणून आम्ही चौकटी देतो: १ लाखाच्या आत, १ ते २, असं करत शेवटी "५ लाख व त्याहून अधिक". सोपं जातं, कोणी लाजत नाही. पुढच्या वेळी तिनं असंच करावं.

सर्वेवाला

लोकांच्या सोयीला चौकटी चांगल्या. पण हिशेबात काय होतं ते तुमच्याच पद्धतीनं बघू.

शेवटची चौकट उघडी ठेवली तर ५.६, १० आणि २८ ही तिन्ही घरं तिच्यात एकत्र बसली. मध्यक अजून काढता येतो. दहावीतलंच सूत्र. L म्हणजे मध्यकाच्या चौकटीची खालची कड, N एकूण घरं, cf त्या चौकटीच्या आधीची घरं, f तिच्यातली घरं आणि h तिची रुंदी:

```
मध्यक = L + ((N/2 − cf) / f) × h
      = १ + ((२० − ९) / १४) × १
      = १.७९ लाख
```

खरा मध्यक १.७०. नऊ हजारांची चूक, चालण्याजोगी. कारण मध्यक १ ते २ च्या चौकटीत आहे आणि शेवटच्या चौकटीत काय दडलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

सरासरीचं मात्र अवघड. शेवटच्या तीन घरांचा मध्य काय धरायचा? कागदावर बऱ्याचदा लोक आधीच्या चौकटीएवढीच रुंदी धरून ५.५ लिहून टाकतात. तसं केलं तर सरासरी २.१३ येते. खरी २.८ होती. चौकटीनं ६७ हजार रुपये गिळले, आणि तक्ता बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

चित्राचंही तसंच. ४ ते ५ चा स्तंभ २ घरांचा, आणि त्याच्या पुढे "५ व अधिक" चा ३ घरांचा. उतरणीच्या शेवटी एक छोटी टेकडी! बघणारा म्हणणार, गावात सधन घरांचा वेगळा गट आहे. तसं काही नाही, शेपूट घडी करून एका खान्यात कोंबली, एवढंच. आयतालेखात क्षेत्रफळ घरं मोजतं. शेवटचा खाना ५ ते २८ असा रुंद असेल तर त्याची उंची त्याच प्रमाणात कमी करायला हवी. तीन घरं २३ लाखांवर पसरली की स्तंभ जमिनीला चिकटलेला दिसेल, आणि तेच खरं चित्र.

फॉर्मवाली

म्हणजे चौकटी नकोच?

सर्वेवाला

ठेवा. फक्त शेवटच्या चौकटीत टिक करणाऱ्याला पुढे एक ओळ द्या: "अंदाजे किती?" तीनच घरांना विचारायचंय.

चुलीपाशी

सगळे "घर, घर" म्हणताय. ते २८ लाखवालं घर म्हणजे किती माणसं?

तापीकाठ

तीन भाऊ, एकत्र. खाणारी तोंडं १४. एकच चूल म्हणून एक घर धरलं.

चुलीपाशी

हेच म्हणायचं होतं. पट्टीचेच २८ धरले तरी माणशी २ लाख. मधल्या घरात चार माणसं धरली तर माणशी ४२ हजारांच्या आसपास. घराघरात सोळापट फरक दिसत होता, माणशी तो पाचपटीच्या आत आला. आणि उद्या तिन्ही भाऊ वेगळे झाले तर गावातला पैसा तेवढाच, पण आलेखात एका लांब घराऐवजी तीन मध्यम घरं. घरं वाढली म्हणून सरासरीही खाली येईल. वाटणी झाली की गाव गरीब?

सर्वेवाला

बरोबर. म्हणूनच मुलीनं माणसांचा रकाना घालावा आणि दोन्ही आलेख काढावेत. माणशी काढला तरी शेपूट उरेल, कमी लांब असेल.

आकाराबद्दल एक राहिलं. तापीकाठनं विचारलं होतं, आकार काय सांगतो. मी तुमच्या आकड्यांवर एक गंमत केली. मध्यक १.७०. त्याचं निम्मं ०.८५ आणि दुप्पट ३.४०. निम्म्याच्या खाली ८ घरं आहेत, दुपटीच्या वर ७. निम्म्यापासून मध्यकापर्यंत १२, मध्यकापासून दुपटीपर्यंत १३. म्हणजे रुपयांत मोजलं तर आलेख तिरका, पण पटीत मोजलं तर जवळजवळ सरळ!

याचं कारण उत्पन्न कसं तयार होतं त्यात आहे. एकर गुणिले उतारा गुणिले भाव. पाणी असलं की उतारा दीडपट, भाव पडला की निम्मा. पगारवाल्याची वाढही टक्क्यांत. गोष्टी एकमेकींत मिळवल्या जात नाहीत, गुणल्या जातात. गुणाकारात दोनदा दुप्पट झालेला माणूस १.७ वरून ६.८ ला पोचतो, म्हणजे ५ लाख वर. दोनदा निम्मा झालेला ०.४३ ला पोचतो, म्हणजे सव्वा लाखच खाली. नशिबाचे फेरे दोघांना सारखेच, पण रुपयांच्या पट्टीवर एक लांब गेला आणि दुसरा भिंतीशी दाटीत बसला.

म्हणून आडव्या अक्षावर ०.५, १, २, ४, ८, १६, ३२ अशा खुणा घालून दुसरा आलेख काढायला सांगा. तिथेही २८ वालं घर बाजूलाच दिसेल, पण बाकी ढीग घंटेसारखा वाटेल. एक अडचण आहे: ज्याचं साल तोट्यात गेलं, उत्पन्न शून्य किंवा उणे आलं, तो या पट्टीवर बसतच नाही. कापसाच्या गावात अशी घरं निघतातच. त्यांची संख्या बाजूला वेगळी लिहावी लागते, गाळून चालत नाही.

गणितमास्तर

पटीचं पटलं. पण ग्रामसभेत ०.५, १, २, ४ चा आलेख कोणाला कळणार? तिथे मी मध्यकच सांगेन.

मिरचीवाली_नंदुरबार

मास्तर, मध्यकही आंधळा आहे बरं का. सगळ्यात खालच्या ९ घरांचं उत्पन्न उद्या निम्मं झालं तरी तुमचा मध्यक १.७० च राहील. २८ लाखवाला दुप्पट झाला तर हलत नाही म्हणून कौतुक चाललंय, पण गरीब निम्मा झाला तरीही तो हलत नाही. मग ग्रामसभेत त्यांचं कोण बोलणार?

गणितमास्तर

मग तिथे खालून पाचवं घर किती कमावतं तेही सांगू. एका आकड्यात गाव बसवायचा हट्ट तुमचा नाही, माझाही नाही. पण ग्रुपवर टाकणारे एकच आकडा टाकतात.

नशिराबादची_सून

आणि लाडक्या बहिणीचं काय? मूळ धास्ती तीच होती ना?

सर्वेवाला

तिथे सरासरीही नको आणि मध्यकही नको. मर्यादा एकेका कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे, गावाच्या नाही. गावात किती घरं मर्यादेत बसतात ते हवं असेल तर अडीच लाखांच्या खालची घरं मोजायची. आयतालेखावरून नेमकं मोजता येणार नाही, कारण अडीच हा आकडा २ ते ३ च्या खान्याच्या मधोमध येतो. यादीच बघावी लागेल.

तापीकाठ

पाहिली. २ ते ३ मधली पाच घरं अडीचच्या खाली. म्हणजे ४० पैकी २८ घरं मर्यादेच्या आत, १२ बाहेर. सरासरी अडीचच्या वर असूनही! हेच ग्रुपवर टाकतो.

पिलबाग

टाका. पण २८ घरं म्हणू नका, लोक म्हणतील २८ लाखवालं घर आत बसलं. "दहापैकी सात" म्हणा.

सुरतवाला

एक शेवटचं. सालदारांची घरं पहिल्या नऊत असतील ना? त्यांना पगाराबरोबर दाणे मिळतात, कुठे कपडे. ते धरले का?

तापीकाठ

नाही, फक्त रोख. मळेवाल्याकडचं दूध, घरची ज्वारी हेही कोणी सांगितलं नाही.

सर्वेवाला

दोन्हीकडचं धरावं लागेल. पाहण्यांत घरच्या धान्याला गावातल्या भावानं रुपये लावतात. सालदाराकडे चार-पाच पोती ज्वारीही ६० हजारांच्या आकड्यात जाणवते. मळेवाल्याकडे तेवढीच पोती २८ लाखांत दिसतही नाहीत. म्हणजे डावीकडची दाटी थोडी उजवीकडे सरकेल, शेपूट जागीच राहील. मध्यक त्यानं किती हलेल ते सांगता येत नाही, विसावं-एकविसावं घर कोणाचं आहे त्यावर आहे. ती दोन घरं शेतकऱ्याची की मजुराची?

तापीकाठ

विसावं शिवणकामवाल्या बाईंचं, एकविसावं रिक्षावाल्याचं. दोघांकडे शेत नाही. पण खालून सरकत कोणी सालदार त्यांना ओलांडून गेला, तर मधलं घरच बदलेल. नऊच्या नऊ घरांना पुन्हा विचारायला रविवारी जातोय, सोबत मापाला पायली घेतोय.